बाळाला उचलताना मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ येते

निशिगंधा

बाळ ११ आठवड्यांचं आहे. साधारण तीन आठवड्यांपासून उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला जे हाड वर आलेलं दिसतं ना, बरोबर तिथे दुखतंय. बसल्याजागी फारसं जाणवत नाही. पण बाळाच्या काखेत हात घालून उचलायला गेले की अशी कळ येते की दोनदा बाळाला परत खाली ठेवावं लागलं. डबीचं झाकण फिरवताना, बाळाच्या कपड्यांची बटणं लावताना, ओला टॉवेल पिळतानाही तेच. त्या हाडावर दाबलं की दुखतं आणि थोडी फुगीर गाठ असल्यासारखं लागतं.

पडले नाही, कुठे आपटलंही नाही. घरचे म्हणतात, बाळंतपणानंतर अंग असंच दुखतं, जाईल आपोआप. पण रात्री बाळ रडलं की आधी मनगटाची भीती वाटते, हे मला अजिबात सहन होत नाहीये. कोणाला झालंय का असं? मी अंगावर पाजते, त्यामुळे गोळ्या घ्यायला घाबरतेय.

अभिजित७७

हे कार्पल टनेल आहे. माझ्या ऑफिसमधल्या दोघांना झालं होतं. मनगटातली नस दबते. रबरी चेंडू दिवसातून शंभर वेळा दाबायचा, पकड मजबूत झाली की दुखणं जातं. शिवाय सूज आहे म्हणताय, तर गरम तेलाने जोर लावून चोळा.

केतकी

निशिगंधा, मला थोरल्याच्या वेळी हेच झालं होतं आणि मी नेमकं चेंडू दाबणं आणि चोळणं हे दोन्ही केलं. आठवडाभरात कप धरता येईना. अभिजित, राग मानू नका, पण कार्पल टनेलमध्ये मुंग्या येतात, त्याही अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन-तीन बोटांत, रात्री जास्त. हिला मुंग्या नाहीत. हिचं दुखणं हाडाच्या टोकावर आहे.

हस्तरेषा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली बरीच वर्षं फक्त हाताचंच काम बघते. केतकीचं म्हणणं बरोबर आहे. निशिगंधा, तू लिहिलंस त्यावरून हे डी क्वेर्वेन वाटतंय. एका स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव पडलं. इथे बसून मी निदान करू शकत नाही, पण आत काय चाललंय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

अंगठा बाजूला ताणणारी आणि वर उचलणारी अशा दोन कंडरा मनगटाच्या त्या हाडावरून जातात. हाडावर त्यांच्यासाठी एक अरुंद खाच आहे आणि वरून एक घट्ट पट्टा त्यांना जागेवर दाबून ठेवतो. नाडीच्या नेफ्यातून दोन नाड्या ओवल्यात असं समज. नेफ्याचं कापड जाड झालं की नाड्या सरकत नाहीत, ओढल्या की अडकतात. तुला हाताला लागणारी गाठ म्हणजे बहुतेक तो जाड झालेला पट्टा आहे.

आता तू बाळाला कशी उचलतेस ते डोळ्यासमोर आण. दोन्ही हात काखेत, अंगठे बोटांपासून लांब ताणलेले, आणि वजन आलं की मनगट करंगळीच्या बाजूला झुकतं. अंगठा ताणलेला आणि मनगट उलट दिशेला वाकलेलं, या एकाच स्थितीत त्या दोन्ही कंडरा पट्ट्याखाली सगळ्यात जास्त घासतात. जन्मताना ३ किलोच्या आसपास असलेलं बाळ पाचव्या महिन्यापर्यंत साधारण दुप्पट होतं. म्हणजे मनगट आधीच दुखावलेलं असताना त्याच्यावरचं वजन वाढत असतं.

म्हणून चेंडू दाबणं आत्ता नको. चोळणं तर नकोच, कारण जिथे घर्षण होतंय तिथेच बाहेरून आणखी घर्षण.

अभिजित७७

माझं चुकलं असेल. पण सूज आहे हे तरी खरं ना? मग बर्फ आणि सुजेची गोळी एवढं पुरायला हवं.

हस्तरेषा

बर्फाने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, तो लावायला माझी हरकत नाही. पण 'सूज' हा शब्द इथे फसवतो. ऑपरेशनमध्ये काढलेला पट्ट्याचा तुकडा तपासला की त्यात नेहमीच्या सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत. तिथलं ऊतक जाड आणि चिकट झालेलं दिसतं. त्यामुळे सुजेच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी झालं तरी नेफा रुंद होत नाही. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन इतकं चांगलं का लागू पडतं, यावर जाणकारांतही एकमत नाही.

रात्रपाखरू

मला बाळ वगैरे नाही पण अंगठ्याच्या बाजूलाच त्रास आहे म्हणून विचारतो. रोज पाच-सहा तास फोन, एकाच हातात धरून अंगठ्याने टाइप. अंगठ्याच्या मागच्या बाजूला जळजळ होते आणि कातडी जरा बधिर वाटते. माझंही डी क्वेर्वेनच का? ती मुठीची चाचणी केली, अंगठा आत घेऊन मूठ वळायची आणि मनगट खाली करंगळीकडे झुकवायचं. दुखलं.

हस्तरेषा

ती चाचणी तशी केली तर निरोगी माणसालाही ओढ बसते. म्हणून नुसतं 'दुखलं' एवढ्यावरून काही ठरत नाही. दुसऱ्या हाताने तेच करून बघा. दोन्हीकडे सारखंच ताणलं तर त्याला अर्थ नाही. एकीकडे नुसतं ताणल्यासारखं आणि दुसरीकडे त्या हाडाच्या टोकावर सुरी फिरल्यासारखं झालं, तर संशय घ्यायचा. आम्ही तपासतो तेव्हा पेशंटला मूठ वळायला लावत नाही. अंगठा आम्ही धरतो आणि हात हलकेच करंगळीकडे नेतो. आणि कृपा करून रोज करून बघू नका, त्यानेच दुखणं वाढतं.

तुमच्या लिहिण्यात जळजळ आणि बधिरपणा आहे, तो डी क्वेर्वेनमध्ये सहसा मुख्य त्रास नसतो. त्या हाडावरूनच कातडीला संवेदना देणाऱ्या नसेची एक फांदी जाते. त्या हातात घट्ट पट्ट्याचं घड्याळ घालता का?

रात्रपाखरू

घालतो. झोपेतसुद्धा, झोप मोजायला. पट्ट्याचा वळ उठतो.

हस्तरेषा

ते काढा, दुसऱ्या हातातही सैलच घाला. दोन-तीन आठवड्यांत जळजळ कमी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि घड्याळाचं आवर्जून सांगा.

फोनबद्दल मला जे वाटतं ते प्रामाणिकपणे लिहिते. जास्त फोन वापरणाऱ्यांत हे दुखणं जास्त दिसतं असं सांगणारे अभ्यास आहेत. पण फोननेच ते होतं असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही. असलेलं दुखणं फोनने चिघळतं, हे मात्र मी रोज बघते. एका हातात मोठा फोन धरून त्याच हाताचा अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायचा, ही हालचाल त्या दोन कंडरांना बाळ उचलण्यासारखीच जाते. फोन एका हातात धरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने चालवावा. लांबलचक निरोप बोलून पाठवावेत.

सुमतीआजी

माझं वय ६३. नातवाला सांभाळते, मलाही अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. निशिगंधाबाळ, तुला जे सांगतायत तेच मी करू का? माझं हाडावर नाही गं, जरा खाली, अंगठा जिथे तळहाताला जोडलेला आहे तिथल्या सांध्यात आहे. चिमटीत किल्ली धरून फिरवली की दुखतं. पाच-सहा वर्षं आहे, नातू आल्यावर वाढलं.

हस्तरेषा

काकू, तुम्ही जागा इतकी नेमकी सांगितलीत की काम सोपं झालं. मनगटाच्या हाडावर नाही, अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात, कितीतरी वर्षांपासून आणि किल्ली फिरवताना दुखतं. तुमच्या वयात हे त्या सांध्याच्या झिजेचं असण्याची शक्यता जास्त. साध्या एक्स-रेमध्ये कळतं. डी क्वेर्वेन एक्स-रेमध्ये दिसत नाही, तिथे एक्स-रे काढतात तो बहुधा दुसरं काही नाही ना हे बघायला. दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात. नातवाला उचलायची पद्धत बदललीत तर दोन्हीला फायदा होईल, पण पट्टा वेगळा लागेल, तो विचारल्याशिवाय घेऊ नका.

निशिगंधा

ताई, किती आभार मानू. काल दिवसभर मोजलं, सकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात मी बाळाला ४६ वेळा उचललं. मोजेपर्यंत मला कल्पनाच नव्हती.

औषधांच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणला. कापडी, मनगटाभोवती गुंडाळायचा. दोन दिवस घातला, काही फरक नाही. उलट पट्टा घट्ट केला की जास्त दुखतं.

हस्तरेषा

तो पट्टा मनगट धरतो, अंगठा मोकळा सोडतो. त्या कंडरा अंगठ्याच्या आहेत, त्यामुळे अंगठा चालू राहिला की घर्षण चालूच. शिवाय घट्ट केल्यावर तो नेमका दुखऱ्या जागेवर दाबतो. तुला अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट हवा. त्यात अंगठ्याचं मूळ आणि मधला सांधा धरलेला असतो आणि टोकाचा सांधा मोकळा राहतो, म्हणजे हलकी चिमट जमते. मनगट सरळ किंवा किंचित वर, अंगठा पेला धरल्यासारखा आरामात. घातल्यावर त्या हाडावर कडा टोचत असेल तर तो तुझ्या मापाचा नाही.

पहिले तीन-चार आठवडे रात्रंदिवस. आंघोळीला काढायचा, आणि दिवसातून तीन-चार वेळा काढून दुखणार नाही इतपतच अंगठा आणि मनगट हळूहळू हलवायचं, नाहीतर सांधे आखडतात. त्यावरचं वेल्क्रो बाळाच्या कातडीला ओरखडतं, म्हणून वरून जुन्या सुती मोज्याची नळी कापून चढव.

पण नुसत्या स्प्लिंटवर विसंबू नकोस. ४६ वेळा चुकीचं उचलणं चालू राहिलं तर स्प्लिंट हरतो. बाळ निजलेलं असेल तेव्हा त्याला आधी हलकेच एका कुशीवर वळव. एक हात पाठीखालून असा सरकव की मान आणि डोकं तळहातावर आणि पाठ तुझ्या हातावर येईल. दुसरा हात ढुंगणाखाली. दोन्ही तळहात वर आणि अंगठे बोटांना चिकटलेले, सूप धरतो तसे. मग वाकून बाळ आधी छातीला लाव आणि त्यानंतर पाय सरळ करून उठ. वजन बोटांच्या टोकांवर येऊ न देता कोपरापासूनच्या हातावर घ्यायचं.

चिऊचा_बाबा

इथे एक भर घालतो. मला हे झालं तेव्हा कोणी विश्वासच ठेवत नव्हतं, बाईमाणसाचं दुखणं म्हणत. आमची मुलगी आठ महिन्यांची होती, रात्रीची पाळी माझी. काखेत धरून हवेत उंच उचलायचा खेळ तिला फार आवडायचा, दिवसातून वीसेक वेळा. खेळ बंद केला, स्प्लिंट सहा आठवडे, थांबलं.

निशिगंधाताई, पाजताना बाळाचं डोकं कशावर असतं? माझं बाटलीने पाजताना जास्त दुखायचं. मनगट आत वळवून, अंगठा तिच्या मानेमागे ताणून वीस-वीस मिनिटं बसायचो.

निशिगंधा

अगदी तसंच! तळहातात डोकं आणि अंगठा कानामागे. हे मला सुचलंच नव्हतं, मी फक्त उचलण्याकडे बघत होते.

हस्तरेषा

बाबांनी फार मोलाचं सांगितलं. बाळंतपणानंतर अंगात पाणी साठणं, हार्मोन बदलणं यामुळे नेफा आणखी तंग होतो असं मानलं जातं, म्हणून आयांमध्ये हे जास्त. पण बाबा, आज्या, दत्तक बाळाच्या आया यांनाही होतं, म्हणजे सगळा दोष हार्मोनचा नाही. पाजताना डोकं कोपराच्या वळणात घे आणि बाळाखाली उशी इतकी उंच ठेव की वजन उशीवर राहील. तुझा हात नुसता बाजूने आधाराला.

गोळ्यांचं विचारलं होतंस. अंगावर पाजताना चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आहेत, पण तुझं पोट, किडनी, बाकीची औषधं हे सगळं तुझ्या डॉक्टरांनाच माहीत, त्यांनाच विचार. मलम लावलंस तर ते बाळाच्या तोंडाला किंवा हाताला लागू देऊ नकोस.

निशिगंधा *(साडेचार आठवड्यांनी)*

कळवायला उशीर झाला. स्प्लिंट नेमाने घातला. पाजतानाचं दुखणं जवळजवळ गेलं, बटणं लावता येतात. पण उचलताना अजून कळ आहे, आधी दहापैकी आठ होती, आता पाच म्हणेन. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही डी क्वेर्वेनच सांगितलं आणि इंजेक्शन सुचवलं. मला भीती वाटते. स्टेरॉइड दुधातून जाईल का? आणि थांबले तर आपोआप जाईल का?

केतकी

मी घेतलं होतं, दोनदा. पहिल्याने काहीच झालं नाही, दुसऱ्याने महिनाभर बरं वाटलं, मग परत. शेवटी ऑपरेशन. जागेपुरती भूल, दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद, त्याच दिवशी घरी. आता पाच वर्षांत दुखलं नाही. पण अंगठ्याच्या मागे रुपयाच्या नाण्याएवढा भाग अजून बधिर आहे. मी म्हणेन, थांबता येत असेल तर थांब.

हस्तरेषा

केतकीला दोन्ही वेळा जे झालं त्याचं एक कारण असू शकतं. काही जणांच्या मनगटात त्या नेफ्याच्या आत एक पडदा असतो आणि दोन कंडरांसाठी दोन वेगळे कप्पे होतात. औषध एकाच कप्प्यात गेलं तर दुसरी कंडरा तशीच अडकलेली राहते. सोनोग्राफीत बघून सुई घातली तर दोन्ही कप्पे गाठता येतात. ऑपरेशनमध्येही तो दुसरा कप्पा उघडायचा राहून गेला तर दुखणं उरतं. बधिरपणा म्हणजे मी वर लिहिलेली नसेची तीच फांदी. ती छेदाच्या अगदी जवळून जाते.

निशिगंधा, बहुतेकांचं एका किंवा दोन इंजेक्शनांत भागतं. मात्रा थोडी असते आणि ती जागेवरच दिली जाते, म्हणून पाजणाऱ्या आयांनाही देतात. क्वचित कुणाला काही दिवस दूध कमी झाल्यासारखं वाटतं, म्हणून पाजतेस हे सांगूनच घे. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. त्या जागेची कातडी फिकट पडू शकते किंवा खालची चरबी विरून खळगा दिसतो. सावळ्या रंगावर डाग उठून दिसतो आणि जायला कित्येक महिने लागतात. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते.

थांबायचं का, याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पुष्कळ आयांचं दूध सुटल्यानंतर ओसरतं. पण तुझं बाळ आता चार महिन्यांचं होतंय आणि दूध सुटायला वेळ आहे. बाळ हातातून निसटण्याची भीती असेल तर मी थांबण्याच्या बाजूची नाही. तशी भीती नसेल आणि दर आठवड्याला थोडा उतार पडत असेल, तर अजून तीन-चार आठवडे स्प्लिंट चालू ठेवण्यात चूक नाही.

केतकी

हे पडद्याचं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

अभिजित७७

मनगट दुखायला लागून ताप आला, लाली पसरली तर मात्र थांबायचं नाही ना? एका नातेवाइकाचं तसं झालं होतं, तो संसर्ग निघाला.

हस्तरेषा

अगदी बरोबर, तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मागच्या खळग्यात दुखत असेल तरीही. तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसत नाही.

निशिगंधा *(आणखी तीन आठवड्यांनी)*

मी सोनोग्राफीत बघून इंजेक्शन घेतलं. एकदा बाळाला बदलताना हात सुटला, ते गादीवरच होतं म्हणून काही झालं नाही, पण मग मी थांबले नाही. डॉक्टरांनी दाखवलं, माझ्याही मनगटात तो पडदा आहे. दोन दिवस रात्रभर ठणकलं. पाचव्या दिवशी टॉवेल पिळला आणि लक्षात आलं की कळ आली नाही. दुधात मला तरी फरक जाणवला नाही. सुईच्या जागी कातडी थोडी फिकी दिसतेय.

आता एक विचारायचंय. उजवा वाचवायला मी सगळं डाव्याने करत होते. परवापासून डाव्या हाडावर दाबलं की दुखतंय. कळ नाही, नुसतं दुखरं. दुसरा स्प्लिंट आत्ताच आणू का? दोन्ही हात बांधलेले असतील तर बाळाला धरू कशी?

रात्रपाखरू

माझं कळवतो. घड्याळ काढून तीन आठवडे झाले. जळजळ निम्म्याने कमी आहे, बधिरपणा तसाच. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय, घड्याळ सोबत नेणार आहे.

हस्तरेषा

निशिगंधा, दिवसा दोन्हीकडे स्प्लिंट नको, बाळाला धरताना पकड जाईल. डावा फक्त रात्री आणि तू झोपशील तेव्हा, दिवसा उजव्याचा काढून ठेवायला हरकत नाही, पण उचलणं दोन्ही हातांनी आणि सुपासारखंच. काखेत धरून उचलणं घरातल्या बाकीच्यांनीही बंद केलंय का? मोजून बघ परत एक दिवस, किती वेळा तू आणि किती वेळा दुसरं कोणी. आकडा इथे लिही, मग डाव्या हाताचं ठरवू.